तोंडी तक्रार केली आणि आईचे २९ हजार गेले

आईच्या बचत खात्यातून गुरुवारी रात्री डेबिट कार्डावर परदेशी वेबसाइटवर तीन व्यवहार झाले: ९,०००, १४,००० आणि १८,००० रुपये. ओटीपी आलाच नव्हता, कारण परदेशी साइटवर अनेकदा तो लागतच नाही. कार्डाचा तपशील कुठून फुटला ते आजतागायत कळलेलं नाही. आईने कोणाला काही सांगितलं नव्हतं, बँकेनेही तसा आरोप केला नाही. तरीही पैसे गेले, ते तक्रारीच्या तारखेपायी.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकावर शून्य भार. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही आणि सुट्ट्या तुमच्या शाखेच्या धरायच्या. आमच्या बाबतीत शुक्रवार पहिला दिवस. मग दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टीचे. सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा.

आई सोमवारी सकाळीच शाखेत गेली होती. काउंटरवर कार्ड बंद करून दिलं आणि 'अर्ज लिहून आणा, साहेब आज नाहीत' असं सांगून तिला परत पाठवलं. अर्ज बुधवारी दिला. त्यावर शिक्का बुधवारचा, म्हणजे चौथा दिवस! सोमवारच्या भेटीची नोंदच नाही, असं बँकेने लेखी कळवलं. कार्ड सोमवारीच कोणी आणि का बंद केलं, याचं उत्तर मात्र दिलं नाही. मला याचा आजही संताप येतो.

चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांची मर्यादा असते. आम्हाला वाटलं, फार तर दहा हजार जातील. पण ही मर्यादा प्रत्येक व्यवहाराला वेगळी लागते, आणि व्यवहार त्याहून लहान असेल तर तो पूर्णच ग्राहकावर पडतो. त्यामुळे आईवर ९,०००, १०,००० आणि १०,००० असे २९,००० आले, परत मिळाले फक्त १२,०००. चोराने तेच पैसे पाच-पाच हजारांनी काढले असते, तर काहीच मिळालं नसतं. सात दिवस उलटले की सगळं त्या बँकेच्या स्वतःच्या धोरणावर.

ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर ते बँकेचं. म्हणून तिथेही तास मोजले जातात.

काउंटरवर सांगितलं की काम झालं, असं समजू नका. तक्रार क्रमांक मागा. शाखा बंद असेल तर त्याच रात्री बँकेच्या हेल्पलाइनवर कळवा, क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवरही फोन करा. तक्रार नोंदली की बँकेने कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे.