रंगीत संकुलाचा स्थिरता स्थिरांक: स्पर्शिका ओढाव्यात की दोन मालिका लावाव्यात?

जॉबच्या पद्धतीने आयर्न–सॅलिसिलेटचं गुणोत्तर १:१ येतं, यावर आमच्या सांगलीकडच्या कुठल्याही प्रयोगशाळेत दुमत होत नाही. खरी ओढाताण होते ती पुढे, त्याच ग्राफवरून K काढताना. काही ठिकाणी एकच मालिका घेऊन ग्राफच्या दोन्ही टोकांना स्पर्शिका ओढतात आणि शिखर किती खचलं ते मोजतात. काही ठिकाणी निम्म्या तीव्रतेची दुसरी मालिका लावून टर्नर आणि अँडरसनच्या रीतीने समान शोषणांकाचे बिंदू घेतात. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला यातलं काय ठेवावं, असं बरेच जण विचारतात. मी दोन्ही वापरलेल्या आहेत, दोन्ही मुलांकडून करून घेतल्या आहेत, आणि माझा कल लपवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या पद्धतीचा मान आधी राखतो.

तिचं सौंदर्य साधेपणात आहे. ०.००१ मोलर फेरिक अमोनियम अलम आणि ०.००१ मोलर सॅलिसिलिक आम्ल, दोन्ही ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात. १ मिलि आयर्नला ९ मिलि लिगंड, २ ला ८, असं करत ९ ला १ पर्यंत. ५२० चा फिल्टर, नऊ रीडिंगं, एक ग्राफ. दोन्ही बाजूंच्या सरळ रेषा वर वाढवल्या की जिथे छेदतात तो शोषणांक ‘सगळंच्या सगळं संकुल झालं असतं तर’ चा. प्रत्यक्ष शिखर त्याच्या खाली असतं आणि त्या फरकातून विघटनाचा अंश α मिळतो.

```
α = 1 − A_max / A_ext
K = (1 − α) / (α² · c)
```

इथे c म्हणजे शिखरापाशी धातूची एकूण तीव्रता, आपल्या उदाहरणात ०.०००५ मोलर. तासाभरात काम संपतं, ब्युरेट एकदाच भरावी लागते, आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपार चढायच्या आत मुलं जर्नल लिहायला बसलेली असतात. हा फायदा लहान नाही, कारण K तापमानावर अवलंबून असतो आणि सकाळचं व दुपारचं द्रावण एकाच तापमानाचं राहत नाही.

माझं मन उडालं ते पट्टीवरून. स्पर्शिका नेमकी कुठून काढायची? एकाच ग्राफवर दोन मुलं बसवा, दोन K येतात. मला आधी वाटायचं तसं तुम्हालाही वाटेल की हा हाताचा दोष आहे, बारीक पेन्सिल दिली की सुटेल. पण एकदा उलट बाजूने हिशोब करून बघा. समजा, खरा K बरोबर १०,००० आहे आणि संकुलाचा मोलर शोषणांक १५००. आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत, प्रत्यक्षात पीएचनुसार ते बदलतील. या K ने १:९ च्या नळीत शोषणांक ०.१३४ यायला हवा, २:८ ला ०.२५९, ४:६ ला ०.४५०, आणि ५:५ ला शिखर ०.४८१.

आता आरंभबिंदू आणि पहिला बिंदू जोडून रेषा वर न्या. मध्यावर ती ०.६६८ ला पोचते. त्यावरून α येतो ०.२८ आणि K येतो सुमारे १८,५००. आरंभबिंदूतून दुसऱ्या बिंदूवर रेषा नेली तर मध्यावर ०.६४७, आणि K २२,७०० च्या घरात. म्हणजे रीडिंगमध्ये काडीची चूक नसताना, आपणच ठरवलेल्या १०,००० चे दुप्पट होऊन बसले. जी स्पर्शिका अगदी टोकावर, गणिताने तंतोतंत काढली, तीही ०.६८ लाच छेदते. हवे होते ०.७५.

कारण सरळ आहे. टोकाला लिगंड भरपूर असतो म्हणून सगळा धातू बांधला गेला, असं ही पद्धत धरून चालते. पण इथे भरपूर म्हणजे फक्त ०.००१ मोलर. K १०,००० असेल तर तिथे धातूचा अकरावा हिस्सा मोकळाच राहतो. त्यामुळे छेदबिंदू खाली येतो, α कमी दिसतो आणि α चा वर्ग खाली भागाकारात असल्यामुळे K फुगतो. हे नेहमी एकाच दिशेला होतं. दहा मुलांची सरासरी काढून ते जात नाही.

मग K मोठा असलेलं संकुल घ्यावं, म्हणजे स्पर्शिका खऱ्या ठरतील? ठरतात. पण K दहा लाख असेल तर याच तीव्रतेला α फक्त ०.०४४ उरतो. शिखर आणि छेदबिंदू यांच्या गुणोत्तरात एक टक्का इकडेतिकडे झाला की K साडेसहा लाखांपासून सतरा लाखांपर्यंत कुठेही जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत. यावर एक मधला मार्ग काहीजण सुचवतात: ०.७५ हा आकडा ग्राफवरून न काढता लिगंडचा मोठा अतिरेक घालून वेगळ्या नळीत मोजायचा. कल्पना चांगली आहे, पण सॅलिसिलिक आम्ल पाण्यात लिटरला दोनेक ग्रॅमच विरघळतं, आणि तेवढं घातलं की ते स्वतःच द्रावणाची आम्लता वाढवतं. सल्फोसॅलिसिलिक आम्लाने विद्राव्यतेची अडचण सुटते, आम्लतेची नाही.

दुसऱ्या पद्धतीत हा ‘सगळं बांधलं गेलं’ वाला आकडा लागतच नाही. तिचा आधार एवढाच, की दोन वेगळ्या नळ्यांत शोषणांक सारखा असेल तर संकुलाची तीव्रता x ही सारखीच असली पाहिजे. मोलर शोषणांक किती, याच्याशी देणंघेणं नाही. खाली a म्हणजे नळीतली आयर्नची आणि b म्हणजे लिगंडची एकूण तीव्रता; १ आणि २ हे आकडे त्या दोन नळ्यांचे.

```
x = (a₁b₁ − a₂b₂) / [(a₁ + b₁) − (a₂ + b₂)]
K = x / [(a − x)(b − x)]
```

तेच काल्पनिक संकुल इथे आणू. दुसऱ्या मालिकेची मूळ द्रावणं ०.०००५ मोलरची. तिचं शिखर ०.२०१ वर येतं. दोन्ही ग्राफ एकाच कागदावर काढून ०.१८ ला आडवी रेषा मारा. पहिल्या वक्राला ती १.३६ मिलि आयर्नपाशी छेदते, दुसऱ्याला ३.६ मिलिपाशी. दहा-घात-उणे-चार मोलर हे एकक धरलं तर पहिल्या नळीत a १.३६ आणि b ८.६४, गुणाकार ११.७६. दुसऱ्या नळीत a १.८ आणि b ३.२, गुणाकार ५.७६. फरक ६, एकूण तीव्रतांतला फरक ५, म्हणून x १.२. आता दुसऱ्या नळीवरून K काढला, तर १.२ भागिले ०.६ आणि २ यांचा गुणाकार, म्हणजे १, आणि एकक परत लावलं की बरोबर १०,०००. K नेहमी विरळ मालिकेवरूनच काढावा असं मी सांगतो. दाट मालिकेत मोकळा धातू अवघा ०.१६ उरतो आणि ब्युरेटची बारीकशी चूकही त्याला गिळून टाकते.

चुका इथेही होतात, त्या लपवत नाही. दुसऱ्या मालिकेत शोषणांक ०.००५ ने चुकला तर K पंधरा-वीस टक्क्यांनी हलतो. जुन्या कलरीमीटरवर तेवढी चूक सहज होते, काटा असलेल्यावर तर विचारूच नका. पण ही चूक कधी वर जाते, कधी खाली. ०.१५, ०.१६५, ०.१८ अशा तीन आडव्या रेषा मारल्या आणि ग्राफची उजवी बाजूही वापरली, तर सरासरीला अर्थ राहतो. रेषा शिखराच्या अगदी जवळ मात्र नको. तिथे वक्र सपाट असतो आणि छेदबिंदू बोटभर सरकतो.

या पद्धतीचा खरा सापळा दुसरी मालिका बनवताना आहे. मुलं मूळ द्रावण निम्मं घेऊन डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरतात. त्यासरशी आम्लही निम्मं होतं, पीएच २.७ वरून ३ च्या आसपास जातो. आपण मोजतो तो K त्या पीएचपुरताच असतो, कारण हायड्रोजन आयन आणि आयर्न दोघेही सॅलिसिलेटवर हक्क सांगतात. पीएच चढला की K वाढतो, मग दोन मालिकांचा x एकाच सूत्रात बसवणंच चुकीचं. म्हणून विरळ करायचं ते ०.००२ मोलर आम्लानेच. आणि लिगंड म्हणून सोडियम सॅलिसिलेट घेऊ नये. ते एवढ्याशा आम्लातला बराच भाग स्वतःच खाऊन टाकतं.

हे बिघडलं की नाही, ते कळायला सोपी खूण आहे. दोन्ही शिखरांची तुलना करा. आपल्या उदाहरणात ०.४८१ चं निम्मं ०.२४१ होतं, पण दुसरं शिखर यायला हवं ०.२०१ ला, कारण विरळ केल्यावर संकुल थोडं आणखी विघटित होतं. दुसरं शिखर जवळपास निम्म्यावरच आलं तर एक तर संकुल या पद्धतीला फार घट्ट आहे, नाहीतर आम्ल पातळ झालं आहे. आयर्न–सॅलिसिलेटच्या बाबतीत मी आधी आम्लाच्या बाटलीकडे जातो. ही खूण एका मालिकेत मिळूच शकत नाही.

आणखी एक आनुषंगिक लाभ. दोन्ही शिखरं ५:५ च्या नळीवरच राहिली तर १:१ वरचा विश्वास वाढतो. पीएच ४ च्या पुढे जांभळ्याचा तांबूस होऊ लागतो, १:२ संकुल मिसळतं, आणि मग शिखर सरकतं किंवा ग्राफची एक बाजू फुगते. दोन वक्र शेजारी असले की असं तिरकेपण डोळ्यांत भरतं.

मग स्पर्शिका कधीच नकोत का? बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, जिथे गुणोत्तर हाच मुख्य मुद्दा आहे आणि K चा फक्त अंदाज हवा आहे, तिथे ठेवायला हरकत नसावी. फक्त जर्नलमध्ये K समोर ‘याहून कमी’ असं लिहायला लावावं, आणि रेषा कुठल्या बिंदूतून नेली तेही. एम.एस्सी.ला किंवा प्रोजेक्टला मात्र, वेळ असेल तर, मी दोन मालिकाच लावेन. वेळ खरंच लागतो: अठरा नळ्या, दोनदा ब्युरेट. आमच्याकडे बाकावरच्या दोन मुलांना एकेक मालिका वाटून देतो, पण दोघांचं आम्ल एकाच बाटलीतलं आणि रीडिंग एकाच क्युव्हेटमध्ये घ्यायला सांगतो.