उशिरा झालेला मृत्यू: ‘साखळी तुटली’ म्हणायचं की ‘साखळी दाखवा’ म्हणायचं?

धुऱ्याच्या भांडणात डोक्यात काठी बसते. जखमी माणूस तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला जातो, टाके पडतात, सुट्टी होऊन घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी मरतो. जागेवरच मृत्यू झाला असता तर कारणाचा प्रश्न कुणी काढला नसता. आता मात्र जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम १०९ मागे पडून खुनाचं १०३ लागलेलं असतं आणि आरोपीचे नातेवाईक फाईल घेऊन तुमच्या ऑफिसात बसलेले असतात. आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या सेशन कोर्टात अशी केस नवी नाही.

अशा केसमध्ये आरोपीच्या वकिलासमोर साधारण दोन रस्ते असतात. पहिला रस्ता म्हणजे मार दिला हे गृहीत धरून, मध्येच कुणाचं तरी नवं कृत्य आलं आणि त्यानेच मृत्यू झाला असं म्हणणं. हे कृत्य बहुतेक वेळा डॉक्टरच्या चुकीचं असतं, कधी नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण घरी नेल्याचं. दुसरा रस्ता म्हणजे आपण स्वतः काहीच गोष्ट न सांगता, त्या जखमेनेच मृत्यू झाला हे आधी सिद्ध करा, एवढंच सरकार पक्षाला म्हणणं. मी दोन्ही वापरले आहेत. मार हातून झालाच नाही असा बचाव असेल तर प्रश्न वेगळा, तो इथे धरत नाही.

पहिला रस्ता ऐकायला दमदार वाटतो. पक्षकारालाही तो आवडतो, कारण गावात आधीच ‘डॉक्टरनं मारला’ अशी चर्चा असते. पण वाटेत भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० चं दुसरं स्पष्टीकरण उभं आहे. जुन्या दंड संहितेत ते २९९ खाली होतं, मजकूर तोच. शारीरिक दुखापतीमुळे मृत्यू झाला असेल, तर योग्य आणि कुशल उपचारांनी तो टळला असता तरी दुखापत करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असं मानायचं. म्हणजे न्यूरोसर्जन नव्हता, अँब्युलन्स उशिरा आली, स्कॅनचं मशीन बंद होतं, हे सगळं खरं असलं तरी उपयोगाचं नाही. आपल्याकडच्या जखमींच्या बाबतीत तर ते जवळजवळ नेहमीच खरं असतं.

मग उरते एक बारीकशी फट. स्पष्टीकरण उपचार कमी पडल्याबद्दल बोलतं, उपचारानेच जीव घेतल्याबद्दल बोलत नाही. या फटीसाठी लोक इंग्लंडचा १९५६ चा जॉर्डन खटला काढतात. तिथे भोसकल्याची जखम बरीचशी भरून आली होती. रुग्णाला टेरामायसिन सोसत नाही हे दिसल्यावर ते औषध बंद केलं होतं, तरी दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा द्यायला सांगितलं. शिवाय शिरेतून अतोनात द्रव गेला. जखमेनंतर आठव्या दिवशी मृत्यू झाला आणि अपिलात शिक्षा रद्द झाली. पण तीनच वर्षांनी स्मिथ खटल्यात दुसरं टोक दिसलं. संगिनीने जखमी झालेला सैनिक नेताना दोनदा खाली पडला, फुप्फुसाला छेद असताना त्याला कृत्रिम श्वास दिला गेला, नीट उपचार झाले असते तर वाचण्याची शक्यता मोठी होती असा पुरावा आला. तरी शिक्षा कायम राहिली, कारण मृत्यूच्या वेळी जखम अजून काम करत होती. जॉर्डनकडे अपवाद म्हणूनच पाहिलं जातं. आपल्या कोर्टात हे दोन्ही निवाडे बंधनकारक नाहीतच, आणि स्पष्टीकरणाचा कल स्मिथकडे आहे हे न्यायाधीशांना सांगावं लागत नाही.

पण खरं सांगायचं तर कायद्याच्या अडचणीमुळे मी पहिल्या रस्त्यावर नाराज झालो नाही. वैताग आणला तो साक्षीच्या पिंजऱ्यातल्या डॉक्टरने. उलटतपासणीत तुम्ही ‘अँटिबायोटिक उशिरा सुरू केलं’ अशी सूचना केली की समोरचा माणूस साक्षीदार राहत नाही, तो स्वतःच आरोपी असल्यासारखा बोलू लागतो. तोवर तो केसपेपर बघून साधी उत्तरं देत असतो. आता प्रत्येक उत्तर स्वतःच्या बचावाचं येतं, आणि त्याचा सगळ्यात सोपा बचाव म्हणजे, ‘आम्ही सगळं केलं साहेब, पण मारच तसा होता.’ सरकारी वकिलांनी सरतपासणीत विचारायचं राहिलेलं वाक्य, म्हणजे निसर्गक्रमाने मृत्यू यायला ही जखम पुरेशी होती, ते तुम्हीच रेकॉर्डवर आणता. एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरची अशी तपासणी मी सीनियरच्या शेजारी बसून पाहिली आहे. अर्ध्या तासात जखम सरकार पक्षाच्या कागदावर होती त्याहून गंभीर झाली. सगळेच डॉक्टर असं करतात असं नाही, पण माझ्या अनुभवात तरी सहसा असंच होतं.

दुसऱ्या रस्त्याला तेच स्पष्टीकरण अडवत नाही. त्याची सुरुवात पुन्हा वाचा: दुखापतीमुळे मृत्यू झाला असेल तर. ही अट आधी पुरी करायची आहे, आणि ती सरकारने करायची आहे. सर्वोच्च न्यायालयाचा मोती सिंग खटला (१९६४) इथे उपयोगी पडतो. गोळ्यांनी जखमी झालेला माणूस ९ फेब्रुवारी १९६० च्या घटनेनंतर रुग्णालयातून बाहेर पडला होता आणि १ मार्चला मेला. शवविच्छेदन न होता अंत्यसंस्कार झाले. जखमा जिवाला धोकादायक होत्या हे मान्य, पण मृत्यू त्यांनीच झाला हे त्यातून सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि मग दुसरी गोष्ट ओघाने आली. त्याचा मृत्युपूर्व जबाबही पुराव्यातून गळला, कारण मृत्यूच्या कारणाचा संबंधच जुळला नव्हता. तो नियम आज साक्ष अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. पहिल्या रस्त्याने हा फायदा मिळवणं अवघड, कारण जबाब ऐकून झाल्यावर तुम्ही डॉक्टरकडे बोट दाखवत असता.

एक केस तपशिलात सांगतो, ओळख पुसून. साठीतला शेतकरी, डोक्यात काठी, स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव, ऑपरेशन नाही. नवव्या दिवशी सुट्टी. डिस्चार्ज कार्डवर ‘शुद्धीवर, स्वतः चालतो, तोंडाने जेवण’. सोळाव्या दिवशी ताप आणि खोकला, गावातल्या डॉक्टरचं औषध, विसाव्या दिवशी पुन्हा भरती, बाविसाव्या दिवशी मृत्यू. शवविच्छेदन अहवालात मत होतं, डोक्याच्या दुखापतीनंतरचं सेप्टिसेमिया. मतावर थांबलो असतो तर खेळ संपला होता. पण रकाना १७ मध्ये, जिथे बाहेरच्या जखमा लिहितात, तिथे भरून आलेला व्रण होता. रकाना १९ मध्ये, म्हणजे डोक्याच्या, मेंदूच्या आवरणात पू नव्हता. पू होता तो रकाना २० मध्ये, दोन्ही फुप्फुसांत.

डॉक्टरवर एकही आरोप केला नाही. जखम उघडी होती का? नाही. कवटीच्या आत संसर्ग दिसला का? नाही. अशी फुप्फुसं या वयात, डोक्याला मार नसतानाही होऊ शकतात का? होऊ शकतात. मत देताना आधीच्या भरतीचे केसपेपर समोर होते का? नव्हते, पोलिसांचं पत्र आणि मरणोत्तर पंचनामा होता. डॉक्टर शांतपणे बोलत होते, कारण त्यांचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. खुनाचा आरोप टिकला नाही, जबर दुखापतीची शिक्षा झाली.

हा रस्ता कुठे अडतो तेही सांगायला हवं. माणूस कधी उठलाच नाही, मार लागल्यापासून बिछान्यावरच होता आणि पडून पडून न्यूमोनिया झाला, तर तो न्यूमोनिया जखमेचंच पोर ठरतो. दिवस मोजून काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रसाद प्रधान खटल्यात (२०२३), तोही जमिनीच्या वादातलाच, सुमारे वीस दिवसांनी मृत्यू झाला म्हणून आरोप सौम्य करायला नकार दिला. म्हणून मी सगळ्यात आधी मधला काळ बघतो. माणूस घरी आल्यावर पारावर बसायला गेला होता का, बाजाराला गेला होता का, की नळीतूनच जेवत होता? पहिलं असेल तर दुसरा रस्ता मोकळा. नळी असेल तर दोन्ही अवघड, आणि मग भांडण कारणावरून हलवून हेतूवर न्यावं हे बरं. शिवाय पक्षकाराला आधीच सांगून ठेवा की मृत्यूचा दुवा तुटला तरी तो घरी जात नाही. कलम १०९ उरू शकतं, आणि त्यात दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आरोप निष्काळजीपणाचा, म्हणजे कलम १०६ चा असेल, तर मात्र माझी पसंती उलटते. तिथे पहिला रस्ताच चांगला. मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप प्रकरणात सांगितलं की, आरोपीचं कृत्य मृत्यूचं निकटचं आणि परिणामकारक कारण हवं, मध्ये दुसऱ्याचा निष्काळजीपणा आलेला नको. कुर्बान हुसेन खटल्यात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने तेच वापरलं. मुंबईच्या रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. व्यवस्थापकाने आगीची काळजी घेतली नव्हती, त्याबद्दलची शिक्षा राहिली. पण आग पेटली ती दुसऱ्याच माणसाने गरम मालात टर्पेंटाईन घाईने ओतल्यामुळे, म्हणून मृत्यूच्या आरोपातून व्यवस्थापक सुटला. जिनिंगची आग, विहिरीच्या कामावरचा अपघात, शॉक लागून मृत्यू, अशा केसमध्ये मधला माणूस शोधाच. मात्र काठी-कुऱ्हाडीच्या केसमध्ये तो शोधू नये, असं मला तरी वाटतं.

आणि कुठलाही रस्ता घ्या, दोषारोपपत्रासोबत आलेल्या झेरॉक्सवर अवलंबून राहू नका. त्यात बहुधा शेवटच्या भरतीचेच कागद असतात. पहिल्या रुग्णालयाचा नर्सिंग चार्ट आणि डिस्चार्ज कार्ड मागवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अर्ज द्या, तोही डॉक्टरची साक्ष लागायच्या आधी.