कन्सॉलिडेट आठ महिने वापरल्यावर: तळाची बेरीज जुळते, मधल्या ओळी चुकतात

एक्सेलमधलं Consolidate मी गेले आठ महिने दर महिन्याला वापरतोय. काम ठरलेलं आहे. सात शाखांकडून खर्चाची एकेक शीट येते, डाव्या स्तंभात खर्चाचं नाव, शेजारी आकडा, आणि मला त्या सातांची एक शीट करायची असते. त्याआधी मी सातही फाइली उघडून हातानं जोडत असे, त्यात अर्धा दिवस जायचा. आता वीस मिनिटं लागतात. पण पहिल्या तीन महिन्यांत मी दोनदा चुकीचा तक्ता वर पाठवला. त्यातला एक इतका चुकीचा होता की तो बरोबरच दिसत होता. हा अनुभव मुख्यतः त्याच तक्त्याचा आहे.

ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. Data टॅबवर Consolidate दाबलं की एक चौकट उघडते. वर Sum, Count वगैरेंपैकी काय करायचं ते निवडायचं, मग एकेका शीटची रेंज देऊन Add करत जायचं. खाली Top row आणि Left column अशा दोन खुणा असतात. सगळी गंमत त्या दोन खुणांत आहे. Left column ला टिक असेल तर एक्सेल रेंजच्या पहिल्या स्तंभातली नावं वाचतं आणि सारख्या नावांचे आकडे एकत्र करतं, मग ती नावं कुठल्या का ओळीत असेनात. टिक नसेल तर ते नाव वाचतच नाही. पहिली ओळ पहिलीत, दुसरी दुसरीत, असं जागेवरून जोडतं.

पहिल्या महिन्यात मी टिक देऊन चालवलं. शाखांनी नावं कशी लिहिली होती ते तीन शाखांपुरतं दाखवतो, पुढच्या बेरजाही याच तिघांच्या आहेत. क आणि ख शाखांच्या शीटवर क्रम सारखा होता: भाडे, वीज बिल, दुरुस्ती, प्रवास खर्च, किरकोळ. क चे आकडे 40,000, 18,400, 6,200, 11,500, 2,300. ख चे 35,000, 12,750, 3,800, 8,900, 1,900. ग शाखेची शीट वेगळी होती: भाडे 30,000, जनरेटर डिझेल 7,600, वीजबिल 9,300, दुरुस्ती 2,100, प्रवास खर्च 5,400. किरकोळ त्यांनी लिहिलंच नव्हतं.

निकालात ‘वीज बिल’ 31,150 आणि त्याखाली कुठेतरी ‘वीजबिल’ 9,300 अशा दोन ओळी आल्या. हे समजण्यासारखं होतं. माणसाला एकच वाटणारी दोन नावं एक्सेलला दोनच वाटतात, मधल्या एका जागेचा फरकही त्याला पुरतो. बाकी शाखा धरल्या तर ‘विज बिल’ आणि ‘वीज बील’ही होतं. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण एकमेकांशी भांडतो तेवढं पुरेसं नव्हतं, आता तक्तेही भांडायला लागले.

मी वैतागलो आणि इथे चूक केली. मला वाटलं, नावांमुळेच घोळ होतोय, तर नावं बघायला सांगूच नये. सगळ्या शीट पाच ओळींच्याच तर आहेत. Left column ची टिक काढली, नुसत्या आकड्यांच्या रेंजा दिल्या आणि नावं क शाखेच्या शीटवरून शेजारी चिकटवली. तक्ता सुरेख आला. पाचच ओळी, एकही नाव दुहेरी नाही. तळाची बेरीज 1,95,150. तिन्ही शाखांच्या बेरजा 78,400, 62,350 आणि 54,400, त्यांचीही बेरीज 1,95,150. जुळलं म्हणून पाठवून दिलं.

चार दिवसांनी ग शाखेतून फोन आला. “तुमच्या तक्त्यात दुरुस्ती 19,300 दिसतेय. आमची तर 2,100च आहे. बाकीच्यांची एवढी झाली का?”

नव्हती झाली. ग च्या शीटवर दुसऱ्या ओळीला डिझेल होतं, म्हणून त्यांचं वीजबिल तिसऱ्या ओळीत सरकलं होतं आणि ते जाऊन बसलं दुरुस्तीत: 6,200 अधिक 3,800 अधिक 9,300. दुरुस्ती प्रवासात गेली, प्रवास किरकोळीत. वीज बिलात 7,600चं डिझेल आलं. बरोबर आकडे असे हवे होते: वीज 40,450, दुरुस्ती 12,100, प्रवास 25,800, किरकोळ 4,200 आणि डिझेल स्वतंत्र 7,600. पाचपैकी फक्त भाड्याची ओळ बरोबर होती, कारण ती घसरणीच्या वर होती.

आणि तळाची बेरीज? ती दोन्हीकडे 1,95,150च येते. आकडा कुठल्याही ओळीत पडला तरी एकूण बदलत नाही. हिशेब तपासायची आपली पहिली सवय म्हणजे तळ जुळवणं, आणि या चुकीला नेमकी तीच तपासणी पकडू शकत नाही. म्हणून माझं मत असं झालं की दुहेरी ओळी येणं ही तक्रार नाहीच, ते उपकरण प्रामाणिकपणे सांगतंय की नावं जुळत नाहीत. टिक काढणं म्हणजे सांगणाऱ्याचं तोंड बंद करणं. आता मी टिक न देता हे कधीच चालवत नाही.

टिक परत दिल्यावर एक वेगळंच कोडं समोर आलं. ‘प्रवास खर्च’ 20,400 आणि ‘प्रवास खर्च’ 5,400. दोन ओळी, अक्षरन् अक्षर सारखी. डोळे चोळून पाहिलं तरी फरक दिसेना. शेवटी शेजारच्या कोऱ्या सेलमध्ये लांबी मोजली:

```
=LEN(A6)
=UNICODE(RIGHT(A6,1))
```

क च्या शीटवर ‘प्रवास खर्च’ची लांबी 11 येते (जोडाक्षरातलं प्रत्येक चिन्ह आणि काना वेगळा मोजला जातो, त्यामुळे हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा असतो). ग च्या शीटवर 12 आली. म्हणजे शेवटी एक मोकळी जागा होती. TRIM लावलं, तरी 12च. दुसऱ्या सूत्रानं उत्तर दिलं 160. साधी मोकळी जागा 32 असते. 160 ही न तुटणारी जागा, ती बहुतेक वेळा वेबपेजवरून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर येते, आणि TRIM फक्त 32 काढतं. ग शाखेचा खर्च एका वेबवरच्या पानावरून कॉपी होऊन येत होता, हे मला त्या 160नं सांगितलं.

आता मी काय करतो. एका शीटवर, तिचं नाव ‘यादी’, दोन स्तंभ ठेवलेत. पहिल्यात आजवर शाखांनी लिहिलेलं प्रत्येक रूप, दुसऱ्यात आमचं ठरलेलं नाव. वीजबिल, विज बिल, वीज बील, तिघांसमोर ‘वीज बिल’. ठरलेलं नाव स्वतःसुद्धा पहिल्या स्तंभात हवं, हे मी विसरलो होतो. शाखांच्या शीट मी एकाच फाइलीत आणतो आणि प्रत्येकीत A आणि आकड्यांच्या मध्ये एक स्तंभ घालून हे सूत्र खाली ओढतो:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")),
 'यादी'!$A$2:$B$60,2,FALSE),"तपासा")
```

मग Consolidate ला रेंज B पासून द्यायची, A पासून नाही, कारण ते रेंजच्या सर्वांत डावीकडच्या स्तंभातलीच नावं घेतं. यादीत नसलेलं कुठलंही नवं रूप आलं की निकालात ‘तपासा’ नावाची एक ओळ उगवते. ती ओळ दिसली की शाखांच्या शीटवर फिल्टर लावून शोधायचं, यादीत भर घालायची आणि पुन्हा चालवायचं. ‘एकूण’ची ओळ रेंजमध्ये येऊ द्यायची नाही, नाहीतर तेही एक नाव म्हणून जोडलं जातं आणि रक्कम दुप्पट होते.

सगळ्यांत उपयोगी पडलेली युक्ती मात्र दुसरीच आहे. खरा तक्ता करण्याआधी त्याच रेंजा वापरून, वर Sum ऐवजी Count निवडून, एका कोऱ्या शीटवर एकदा चालवायचं. सात शाखा असतील तर प्रत्येक नावासमोर 7 यायला हवेत. यादी करण्याआधी असं चालवलं असतं तर ‘वीज बिल’ 4, ‘वीजबिल’ 1, ‘विज बिल’ 1, ‘वीज बील’ 1 असं दिसलं असतं, बेरीज सात, म्हणजे एकच नाव चार तुकड्यांत. 8 आले तर एखाद्या शाखेनं तेच नाव दोनदा लिहिलंय. 7 पेक्षा कमी असेल तर दर वेळी चूक असेलच असं नाही, डिझेल एकाच शाखेत लागतं तिथे 1 बरोबर आहे, आणि आकड्याची सेल कोरी असली तर तीही मोजली जात नाही. तरी कुठे पाहायचं ते पाच सेकंदांत कळतं. टिक काढून चालवलेल्या तक्त्यावर ही तपासणी कामाची नाही, तिथे नावंच वाचली जात नाहीत.

एक पर्याय बराच सुचवला जातो, तो मी करून सोडून दिला. निकालाच्या जागी नावं आधीच टाइप करून, तो भाग निवडून Consolidate चालवलं तर फक्त तीच नावं जोडली जातात, आणि त्यात * चालतो. ‘प्रवास*’ लिहिलं की प्रवास खर्च, प्रवास खर्च आणि मागची मोकळी जागा, सगळं एकत्र येतं. आमच्याकडे एका शाखेत ‘प्रवास भत्ता’ही होता, तो पगाराचा भाग आहे, तोही आत ओढला गेला. शिवाय जे नाव कुठल्याच टाइप केलेल्या नावात बसत नाही ते गुपचूप गळतं. निदान इथे तळाची बेरीज कमी पडते, म्हणून कळतं तरी.

शाखांना यादीतूनच नाव निवडायला लावणारी शीटही पाठवून पाहिली. टाइप केलं तर ती अडवते. पण बाहेरून कॉपी करून चिकटवलं की अडवत नाही, उलट कधी कधी तो नियमच पुसला जातो, आणि शाखांमध्ये टाइप फारसं कोणी करत नाही.

हे काम पॉवर क्वेरीत जास्त नीट होईल, मान्य आहे, पण यादी तिथेही लागणारच, आणि माझ्या रजेच्या दिवशी जी मुलगी हे चालवते तिला Consolidate दहा मिनिटांत समजलं. या महिन्यात ‘तपासा’ची ओळ 3,450 ची आली. एका शाखेनं दुरुस्तीला ‘दुरूस्ती’ लिहिलं होतं. यादीत आता बेचाळीस ओळी आहेत.