‘झारच्या काळातलं’ गणकयंत्र आणि माझे ४७,८०० रुपये

एका माणसाने मला ‘१८९० चं रशियन गणकयंत्र’ म्हणून एक डबा विकला, त्याचे आधी आकडे सांगतो, म्हणजे कोणी तिखटमीठ लावायला नको. टोकन म्हणून फोनपेवर १,५००, घरी येऊन रोख ३९,५०० आणि नंतर ‘परदेशी खरेदीदाराच्या’ माणसाला नोंदणीचे म्हणून पुन्हा फोनपेवर ६,८००. एकूण ४७,८०० रुपये. धानाचे चुकारे नुकतेच खात्यात आले होते, आणि ते आले हे विकणाऱ्याला कसं कळलं, याचा विचार मी अजून करतोय.

विकणारा एक आणि घेणारा दुसरा, दोघे आतून एकच, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. पाच रुपयाच्या जुन्या नोटेच्या भानगडीत आमच्या तुमसर तालुक्यातले किती लोक बुडाले ते मी स्वतः शाळेत पोरांना सांगायचो. मी बुडालो तो लोभाने नाही, माहितीने बुडालो. तीस वर्षं गणित शिकवलं, घरात फॅसिट कंपनीचं एक स्वीडिश गणकयंत्र आहे, दोन स्लाइड रूल म्हणजे हिशेबाच्या सरकत्या पट्ट्या आहेत. त्या माणसाने नेमकं हेच हेरलं. अडाण्याला त्याने हे यंत्र दाखवलंच नसतं.

यंत्र कसं होतं ते सांगतो, कारण असली यंत्रं आपल्याकडे अजून निघतात. पत्र्याचा काळा डबा, पुढे वाकलेल्या पृष्ठभागावर नऊ खाचा, प्रत्येक खाचेत वरखाली सरकणारी तरफ, बाजूला ० ते ९ आकडे. उजवीकडे हँडल. खाली डावी-उजवीकडे सरकणारा गाडा, त्यात उत्तराच्या तेरा आणि फेऱ्यांच्या आठ खिडक्या. तरफांवर आकडा लावायचा, हँडल एकदा पुढे फिरवलं की बेरीज, उलट फिरवलं की वजाबाकी. गुणाकार म्हणजे तितक्या वेळा फिरवणं आणि दशकासाठी गाडा एक घर सरकवणं.

तो म्हणाला, “गुरुजी, हे रशियाच्या राजाच्या टायमाचं व्हय. १८९० चं. भिलाईले जे रशियन इंजिनेर आले होते ना, त्यातल्या एकाच्या आज्याचं.” भिलाईचं नाव आलं आणि मी विरघळलो. पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ साली पहिली भट्टी पेटली, रशियन कुटुंबं तिथे राहत होती, हे सगळं खरंच आहे. आमच्याकडून भिलाई आगगाडीने काही तासांवर. खोटं सांगणारा नेहमी खऱ्या गोष्टीच्या कडेला बसून सांगतो.

१८९० हे सालही त्याने हवेतून काढलं नव्हतं. विल्गॉट ओड्नर नावाच्या स्वीडिश माणसाने सेंट पीटर्सबर्गमध्ये हे यंत्र रचलं आणि १८९० च्या सुमारास तिथे त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. हे मला माहीत होतं आणि त्याच माहितीने माझा घात केला. जे त्या क्षणी आठवलं नाही ते असं : क्रांतीनंतर ओड्नरचा कारभार स्वीडनला गेला आणि सोव्हिएत कारखान्यांनी तीच रचना ‘फेलिक्स’ नावाने १९२९ पासून १९७८ पर्यंत काढली. नाव सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की याच्यावरून. लाखोंनी काढली. तीच नऊ तरफांची, तेरा खिडक्यांची मांडणी. म्हणून तरफा मोजून किंवा हँडल फिरवून वय कळत नाही.

आणि त्याने हँडलच फिरवून दाखवलं. सगळ्या खिडक्या शून्यावर आणल्या, उजवीकडच्या तरफेवर १ लावला, हँडल उलट फिरवलं. टण् करून घंटा वाजली आणि खिडक्यांत ९ ची रांग उभी राहिली. मग पुढे फिरवलं, सगळे ९ परत ०. ही चाचणी अगदी योग्य आहे. हातचा एका घरातून पुढच्या घरात नीट जातो की नाही हे त्यातून कळतं, मध्येच एखादा ९ अडकून राहिला तर आतली यंत्रणा झिजलेली. पण यातून यंत्र चालू आहे एवढंच सिद्ध होतं. १८९० चं आहे हे नाही. मी मात्र लहान पोरासारखा घंटा पुन्हा पुन्हा वाजवत बसलो.

आता तो स्क्रू. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

यंत्राच्या पाठीवर पितळेची एक पट्टी होती, तिच्यावर कोरलेलं ‘1890’. दोन टोकांना दोन स्क्रू, त्यातला एक ढिला. मी म्हटलं, थांबा, घट्ट करून देतो. आत गेलो, कपाटातून स्टारचा पेचकस आणला आणि स्क्रू पिळला. स्टारचा! डोक्यावर अधिकची खाच असलेला स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकात. त्याआधीच्या यंत्राला तो असूच शकत नाही. दुरुस्तीत एखादा बदलला असेल असं म्हणता येईल, पण साल सांगणारी पट्टीच जर अशा स्क्रूंनी बसवलेली असेल तर ती पट्टी मागाहून ठोकली आहे, दुसरा अर्थ नाही. पेचकस माझ्या हातात, स्क्रू माझ्या डोळ्यांपुढे, आणि मी त्याला विचारतो, “चहा घेणार का?” बायको दारातून म्हणाली होती, “काहून जी, येवढे पैसे एका डब्याले?” तिला मी गप्प केलं.

हँडलची मूठही काळ्या प्लास्टिकची होती, साच्याची बारीक रेघ बोटाला लागत होती. पहिलं कृत्रिम प्लास्टिक म्हणजे बॅकेलाइट, तेसुद्धा १९०७ चं. मूठ बदललेली असू शकते म्हणून एकट्या मुठीवर निकाल देऊ नका, पण पट्टीशेजारी ठेवून बघा.

खरा पुरावा पुढच्या बाजूला होता. तिथे रशियन अक्षरांत नाव होतं. मी विचारलं तर म्हणाला, “कंपनीचं चिन्ह व्हय.” मला रशियन येत नाही, येणार तरी कुठून? भिलाईला नोकरी करून निवृत्त झालेल्या एका मित्राला नंतर फोटो पाठवला, तो हसला. “अरे, फेलिक्स लिहिलंय. आमच्या ऑफिसात असली धूळ खात पडली होती.” उभ्या दांडीवर वर्तुळ असं पहिलं अक्षर दिसलं आणि एकूण सहा अक्षरी नाव असलं, तर ते फेलिक्सच समजा. त्याने आणखी एक सांगितलं, ते तर लिहून ठेवा. १९१८ च्या सुधारणेआधी रशियनमध्ये व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मूक अक्षर जोडत. इंग्रजी लहान b च्या डोक्याला डावीकडे छोटी आडवी शेपटी काढली की तसं दिसतं. झारच्या काळातल्या पाटीवर शब्दांच्या शेवटी ते दिसायला हवं. माझ्या यंत्रावर एकही नाही.

किंमत पटवायला त्याने मोबाइलवर परदेशी साइटचा फोटो दाखवला, ३,२०० डॉलर. ती मागितलेली किंमत होती. मागायला काय, कोणी माझ्या फॅसिटचे लाखही मागेल. विकली गेलेली किंमत बघायची, त्यासाठी त्या साइटवर वेगळी निवड असते. तिथे चालू फेलिक्स काही हजार रुपयांत जातात, आणि तीनेक किलोचा लोखंडी डबा परदेशी पाठवायचा खर्च कधीकधी यंत्राच्या वर जातो. इतकी यंत्रं शिल्लक असताना कोण जास्त देईल? खरं पीटर्सबर्गचं ओड्नर असेल तर गोष्ट वेगळी, त्याला कित्येक पटींनी पैसे मिळतात. म्हणूनच तर पट्टी ठोकतात.

मग ‘खरेदीदाराच्या माणसाचा’ फोन. २,७५,००० देतो म्हणाला, फक्त शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून सरकारी नोंदणीचे ६,८०० आधी भरा. मी भरले. १९७२ चा पुरावस्तू कायदा काय म्हणतो ते नंतर वाचलं. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे यंत्र खरं असतं तर हा सौदाच बेकायदा, आणि खोटं असेल तर फसवणूक. दोन्हीकडून मीच मेलो.

आता ठाण्याची गोष्ट. पहिल्यांदा गेलो तर, “साहेब बंदोबस्ताला गेले.” दुसऱ्यांदा साहेब भेटले, म्हणाले, “गुरुजी, यंत्र तुमच्याचकडे आहे, चालू आहे, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” मी म्हटलं, साहेब, खोटं साल कोरून विकलं, पूर्वीचं ४२०, आताच्या न्याय संहितेचं ३१८. तर म्हणाले, “तुम्ही शिकवता का आम्हाला?” शेवटी अर्ज घेतला, त्यात हवालदाराने लिहिलं ‘जुने टाइपरायटर’. मी दुरुस्त करायला सांगितलं तर म्हणाला, एकच ना. वर म्हणाला, फोनपेच्या ८,३०० साठी सायबरवाल्यांकडे जा, रोख ३९,५०० चा पुरावा आणा. सायबरवाले म्हणाले आमच्याकडे ८,३०० चीच नोंद होईल, बाकीचं ठाण्यात. ठाणं म्हणतं, यंत्र किती जुनं याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. दाखल्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणतं, गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाचं देऊ? ग्राहक आयोगासाठी वकिलाने १५,००० सांगितले. ४७,८०० गेले त्यासाठी आणखी १५,००० घालायचे, हे गणित मी पोरांना कधी शिकवलं नव्हतं.

रोख देऊ नका. द्यावेच लागले तर विकणाऱ्याकडून कागदावर ‘मेक, मॉडेल, साल’ लिहून सही घ्या. जो सही करायला कां-कूं करतो त्याला तिथूनच परत पाठवा. मी पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्यावर इश्वास हाय ना.” विश्वास त्याचा माझ्यावर होता, पैसे माझे त्याच्याकडे होते!

आणि हे तातडीचं आहे : तोच माणूस आता आमगाव-सालेकसा भागात ‘ब्रिटिशकालीन’ स्लाइड रूल घेऊन फिरतोय असं कळलं. बांबूवर पांढरा थर दिलेली, जपानी हेम्मी कंपनीची, वाघनदीच्या पुलाच्या इंजिनिअरची होती म्हणे. घाबरू नका, भिंग घेऊन पट्टीवर बारीक ठसा शोधा. युद्धानंतरच्या हेम्मीवर इंग्रजी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर सालाचं, ए म्हणजे १९५०, बी म्हणजे १९५१, असं ओळीने पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. एस-डी दिसलं तर १९६८ चा एप्रिल. त्याच्या देखत बोटांवर मोजा, आणि मोजून झालं की मला फोन करा. मी ठाण्यात जायला तयार आहे, पुन्हा एकदा.