काळ्या मातीचा रस्ता: चुना की सिमेंट?

मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर रस्ता करायचा तर माझं मत आधी चुन्याला. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. चुन्यातलं कॅल्शियम तिच्या चिकणकणांना गोळा करतं. सुक्या मातीच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के विरलेला चुना मिसळला, ओलावा टिकवून एक दिवस मुरू दिला, की चिकट ढेकळं हाताने चुरडता येतात. मग पुन्हा मिसळून रोलर फिरवायचा.

सिमेंटला एवढी सवड नसते. पाणी पडल्यापासून साधारण दोन तासांत दबाई संपवावी लागते, आणि तेवढ्यात चिकट ढेकळं फुटत नाहीत. सिमेंट त्यांच्याभोवती बसतं, आतली माती तशीच राहते. मुरमाड किंवा वाळूमिश्रित मातीत मात्र सिमेंटच घ्यावं. तिथे चुन्याला धरायला चिकणमाती नसते.

पारख सीबीआरने, म्हणजे माती प्रमाण भाराच्या किती टक्के भार पेलते हे सांगणाऱ्या चाचणीने होते. साच्यात दाबलेला नमुना चार दिवस पाण्यात ठेवायचा, मग ५० मिमी व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिमी वेगाने आत ढकलायचा. २.५ मिमीवर प्रमाण भार १३७० किलो. नुसत्या मातीने २७ किलो घेतला तर सीबीआर २ टक्के. चुन्यानंतर ११० किलो घेतला तर ८. चुन्याचा नमुना भिजवण्याआधी काही दिवस ओलसर मुरवलेला हवा, आणि भिजताना तो किती फुगला हेही मोजा. सिमेंटने घट्ट झालेल्या थराला सीबीआर अपुरा पडतो. तिथे सात दिवसांची दाबशक्ती पाहावी.

साइटवर थर खणून फिनॉल्फ्थॅलीन फवारा: जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे चुना पोचलेला नाही.