पगाराच्या आठवड्यातली ९ रुपयांची साखर: बरेच महिने ऑफर वापरल्यानंतरचा अनुभव

बिल २,८६० रुपयांचं, ऑफरची अट १,९९९ रुपयांची, आणि तरी काउंटरवर साखर नाकारली जाते. महिनाअखेरीला आमच्या भागातल्या किराणा साखळीच्या दुकानात सगळ्यात जास्त वादावादी याच एका गोष्टीवरून होते, म्हणून आधी तीच घेतो. ऑफर बहुतेकांना पाठ आहे: २८ तारखेपासून ५ तारखेपर्यंत, १,९९९ च्या खरेदीवर एक किलो साखर ९ रुपयांत. पेपरात पत्रक येतं, व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, दुकानाच्या दारावर फलक लागतो. तिन्हीकडे ९ चा आकडा तळहाताएवढा असतो आणि १,९९९ च्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते.

त्या चांदणीचा खुलासा पत्रकाच्या तळाशी आहे. खाद्यतेल, तूप, साखर, दूध, सुटं धान्य आणि सुट्या डाळी या १,९९९ मध्ये धरल्या जात नाहीत. म्हणजे महिन्याच्या यादीतला सगळ्यात जड भागच मोजणीतून बाहेर.

चौघांच्या घराची साधी यादी घेऊन हिशोब मांडतो. तेलाचे पाच पाऊच ७५० रुपये, सुटा तांदूळ पाच किलो ३२०, सुटी तूरडाळ दोन किलो २६०. हे १,३३० रुपये ऑफरच्या दृष्टीने शून्य. आता जे धरलं जातं ते: गव्हाच्या पिठाचं पाकीट २३०, चहा २७०, कपडे धुण्याची पावडर २४०, अंगाचे साबण १५०, टूथपेस्ट ११०, बिस्किटं ९०, भांडी घासायचा साबण ११५, पोहे-रवा पाकिटातले १४०, मसाले १८५. बेरीज १,५३०. अट पुरी व्हायला ४६९ रुपये कमी पडतात.

इथे काउंटरवरची व्यक्ती सुचवते, ‘अजून थोडं काहीतरी घ्या, साखर मिळून जाईल.’ आणि रांगेतला माणूस मागे वळून हाताला लागेल ते उचलतो. साखर एरवी ४५ रुपये किलो धरली, तर ऑफरमधून वाचतात ३६ रुपये. तेवढ्यासाठी ४६९ रुपयांचं यादीबाहेरचं सामान घेणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. ही अट अशीच ठेवण्यामागे दुकानाचं गणित आहे. तेल, साखर, धान्य यांवर सुटणारा नफा बारीक असतो, गिऱ्हाईक दारात यावं म्हणून या वस्तूंचा भाव कमी ठेवावा लागतो. खरी कमाई पाकीटबंद खाण्यात आणि साबण-पावडरीत. पगार नुकताच जमा झालेला असतो, महिन्याची यादी एकदाच भरायची असते, आणि मर्यादा अशा ठिकाणी आखलेली असते की साधारण घराची पात्र खरेदी तिच्या थोडी अलीकडे थांबते. व्यापारात यात गैर काही नाही. गैर आहे ते हे सगळं चांदणीखाली लपवणं.

एक मार्ग आहे, तो वापरून पाहण्यासारखा आहे. वरच्या यादीत न टिकणारं आणि टिकणारं असं वेगळं करा. पावडर, साबण, टूथपेस्ट आणि भांड्यांचा साबण मिळून ६१५ रुपये होतात आणि या वस्तू सहज दोन महिने टिकतात. त्या एका महिन्यात दोन महिन्यांच्या घेतल्या, तर पात्र रक्कम १,५३० अधिक ६१५, म्हणजे २,१४५ होते आणि अट कुठलीही उधळपट्टी न करता पुरी होते. मात्र पुढच्या महिन्यात पात्र रक्कम ९१५ वर येते, त्या महिन्यात साखरेचा विचार सोडून द्यायचा. म्हणजे दोन महिन्यांत एकदा ३६ रुपये, महिन्याला १८ रुपये. त्यासाठी ६१५ रुपये महिनाभर आधी खर्ची पडतात. ज्यांना महिन्याच्या २० तारखेनंतर ओढाताण होते त्यांनी या फंदात पडू नये. साखर दुकानदाराकडून पूर्ण भावाने घ्यावी आणि ६१५ रुपये हातात ठेवावेत.

इथपर्यंतचं मत लिहिलं असतं तर मी या ऑफरला पाचपैकी दीड गुण दिले असते. पण अलीकडे बिलात एक सुधारणा झाली आहे आणि तिने मत बदललं. आता बिलाच्या खाली एकूण रकमेशेजारी ‘ऑफरसाठी पात्र रक्कम’ अशी वेगळी ओळ छापून येते. किती कमी पडतात ते पैसे देण्याआधी पडद्यावर दिसतं. त्यामुळे सामान स्कॅन झाल्यावर तो आकडा विचारायचा आणि मगच ठरवायचं. साखर काउंटरवरूनच मिळते, त्यामुळे ती पैसे देण्याआधी बिलात चढली पाहिजे, बिल बंद झाल्यावर ती जोडता येत नाही. आणि ऑफर लागू झाल्यावर त्यातली एखादी पात्र वस्तू परत केली आणि रक्कम १,९९९ च्या खाली गेली, तर साखरेची सवलतही कापून घेतात. हे पत्रकात कुठेच नाही, परतीच्या काउंटरवर कळतं. एवढं सगळं धरून आता तीन गुण. उरलेले दोन पत्रकाच्या मजकुरामुळे जातात.

त्याच पत्रकातला दुसरा ठळक चौकोन तेलाचा असतो आणि तिथे नजर जास्त सावध हवी. ‘सूर्यफूल तेल पाऊच १३९ रुपये’ असं मोठ्या अक्षरात असतं, शेजारी दुसऱ्या कंपनीचा पाऊच १४६ ला. हात आपोआप १३९ कडे जातो. पण पहिला पाऊच ८५० ग्रॅमचा आहे आणि दुसरा एक लीटरचा. एक लीटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १३९ ला ८५० ग्रॅम म्हणजे किलोला सुमारे १६३ रुपये ५० पैसे. १४६ ला ९१० ग्रॅम म्हणजे किलोला सुमारे १६० रुपये ४० पैसे. स्वस्त दिसणारा पाऊच किलोमागे तीन रुपयांनी महाग. ठरावीक वजनातच पाकीट काढायची सक्ती २०२२ मध्ये उठली, तेव्हापासून ८५०, ८००, ७५० ग्रॅमचे पाऊच सर्रास दिसतात.

त्याच बदलात पाकिटावर एककाची किंमत छापणं बंधनकारक झालं, पण ऑफरच्या आठवड्यात तिचा फार उपयोग होत नाही. ती छापील कमाल किमतीवर काढलेली असते, सवलतीच्या भावावर नाही. शिवाय किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमला लिहितात आणि दोन दशांश स्थळांवर थांबवतात. ०.१६ रुपये ग्रॅम एवढ्यावरून दोन पाऊचमधला तीन रुपयांचा फरक कळूच शकत नाही. फोनवर ऑफरची किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार करा. लीटरच्या पाऊचवर ग्रॅममधलं वजनही छापलेलं असेल तर तेच घ्या, नसेल तर ९१० धरा.

आता तारखा. २८ ते ५ ही मुदत महिनाअखेरीला किंवा १ तारखेला पगार होणाऱ्या नोकरदारांसाठी आखलेली आहे. कारखान्यांत मात्र पगार पुढच्या महिन्याच्या ७ किंवा १० तारखेपर्यंत करण्याची रीत आहे, कारण १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असतील तर ७ आणि त्याहून जास्त असतील तर १० अशी मुदत घातली होती. औद्योगिक पट्ट्यातल्या दुकानावर ‘पगाराचा आठवडा’ असा फलक लावायचा आणि तो ५ तारखेला उतरवायचा, म्हणजे ज्या घरांना सवलतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या हातात पैसे येण्याआधीच दार बंद करायचं. हे मला खरोखर चुकीचं वाटतं. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज अशा भागांत मुदत १२ तारखेपर्यंत हवी. तोवर एवढं ध्यानात ठेवावं की साखरेची ऑफर ५ तारखेला संपते, पण पावडर आणि साबणांचे कमी केलेले भाव बऱ्याचदा पुढेही चालू राहतात. फळीवरच्या भावपट्टीवर शेवटची तारीख छापलेली असते, ती पाहावी.

बँकेच्या कार्डावरची दहा टक्के सूट, कमाल १५० रुपये, ही साखरेपेक्षा चारपट मोलाची आहे आणि ती १,५०० च्या बिलालाच पूर्ण मिळते. तिच्यात तेल आणि धान्यही धरलं जातं. पत्रकात ती मागच्या पानावर, कोपऱ्यात. पुढचं पान तिला द्यायला हवं होतं.

मजकूर कसा हवा, तेही सांगतो. असा लिहिला तर काउंटरवरचे निम्मे वाद संपतील:

‘२८ ते ५ तारीख. पाकीटबंद किराणा, साबण, पावडर आणि इतर घरगुती सामान मिळून १,९९९ रुपयांचं झालं, की १ किलो साखर ९ रुपयांत. तेल, तूप, साखर, दूध, सुटं धान्य आणि सुट्या डाळी या रकमेत धरत नाही. एका बिलावर एकच पिशवी. सामान परत केल्यास सवलत कापली जाईल.’

चार ओळी वाढतात, एवढंच. आणि हे निव्वळ सौजन्य नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा, ठळक जागी हवा, आणि मूळ दाव्याला छेद देणारा नसावा. इथे ‘९ रुपयांत साखर’ मराठीत आणि तेल-धान्य वगळल्याचं वाक्य इंग्रजीत, बारीक टायपात. माल मर्यादित असेल तर तेही जाहिरातीत सांगावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारनंतर साखर संपलेली असते आणि दारावरचा फलक तसाच झळकत असतो, हा प्रकारही त्यातच मोडतो. म्हणून रांगेत लागण्याआधी साखर शिल्लक आहे का ते विचारावं, शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावं.

तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पत्रकाचा पूर्ण फोटो घ्या, तळाची ओळ वाचता येईल असा दुसरा जवळून घ्या, आणि ज्यावर पात्र रक्कम छापली आहे ते बिल जपून ठेवा. बिलाचा कागद महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो, म्हणून त्याचाही फोटो त्याच दिवशी काढा.