कॉफीच्या भाजणीचा रंग फोटोवरून: अख्ख्या बिया की पूड?

एका मैत्रिणीने विचारलं, कॉफीची भाजणी किती झाली ते ठरवायला फोटो बियांचा काढू की दळून पुडीचा? दोन्हीत मोजपट्टी एकच धरू: ९५ ते २५ अशा आठ रंगचकत्यांचा अ‍ॅगट्रॉन संच. आकडा जितका मोठा, तितकी भाजणी फिकी.

मेहनत बियांना कमी लागते. पसरा, शेजारी चकती ठेवा, फोटो घ्या. पण गडद भाजणीत तेल वर येतं आणि त्याची चकाकी फोटोत पांढरी उमटते, म्हणून बी आहे त्याहून फिकी वाटते. शिवाय मधली चीर आणि बियांमधल्या सावल्या सरासरी बिघडवतात.

पूड बारीक, एकसारखी दळून सपाट दाबली की या दोन्ही अडचणी जवळजवळ संपतात. मुख्य म्हणजे आतला रंग दिसतो. समजा, बिया ५५च्या चकतीशी जुळल्या आणि पूड ७५शी. म्हणजे बाहेरून झपाट्याने रंग चढला, गाभा मागे राहिला. पूड थोडी फिकी असतेच, पण इतका फरक दिसला तर कपात कच्चट, गवतासारखी चव शोधा.

चकती मात्र त्याच फोटोत, त्याच उजेडात हवी. कॅमेरा रंगसंतुलन आपोआप बदलतो, त्यामुळे कालच्या फोटोतली चकती आज चालत नाही.

भाजताना चटकन अंदाज हवा असेल तर बिया पुरेत. दोन घाण्यांची तुलना करून नोंद ठेवायची असेल तर पूडच घ्या, दरवेळी त्याच दळणीची.